अहवाल बाराऐवजी अठराला: एका माफीच्या मेलचं प्रकरण

२०२४ च्या सप्टेंबरात, गौरी आवाहनाच्या दिवशी सकाळी साडेआठला, बाइंडिंगच्या टेबलावरून एक फोल्ड केलेला फॉर्म, म्हणजे बरीच पानं एकत्र छापून दुमडलेला मोठा कागद, उचलून मी उघडला आणि पोटात गोळा आला. डाव्या पानावर संचालक मंडळाचे रंगीत फोटो होते. उजव्या पानावरच्या अध्यक्षांच्या मनोगतावर त्याच फोटोंचे निळसर, उलटे ठसे उमटले होते. दुसरा फॉर्म उघडला, तिसरा उघडला, सगळीकडे तेच. छापखान्यात याला ‘सेटऑफ’ म्हणतात. ओली शाई दाबाखाली समोरच्या कागदावर उतरते, आणि एकदा उतरली की तो कागद रद्दीतच जातो.

सांगलीत आमचा छोटा ऑफसेट छापखाना आहे. काम होतं जिल्ह्यातल्याच एका पतसंस्थेचं: वार्षिक अहवालाच्या ३,२०० प्रती, ए-४ आकार, ४८ पानं आणि वर कव्हर, बांधणी सेंटर पिन, म्हणजे मधोमध पिना मारलेली. सोळा पानांचे तीन फॉर्म. त्यांपैकी सर्वांत बाहेरचा फॉर्म १३० जीएसएम आर्ट पेपरवर चार रंगांत, आतले दोन ८० जीएसएम मॅपलिथोवर काळ्या शाईत. सेंटर पिनच्या पुस्तकात फॉर्म एकात एक घालतात, त्यामुळे बाहेरच्या फॉर्ममध्ये पहिली आठ आणि शेवटची आठ पानं येतात. म्हणजे बिघडला तो नेमका तोच फॉर्म, ज्याच्याशिवाय एकही प्रत बांधता येत नव्हती. पोहोचवायची तारीख होती गुरुवार, १२ सप्टेंबर. आणि हा दिवस होता मंगळवार, १० सप्टेंबर.

त्या दिवशी आम्ही ग्राहकाला जो मेल पाठवला, तो इथे पूर्ण देतो आहे. पण तो तसा का लिहिला गेला हे कळायला आधीचे चार-पाच दिवस सांगायला हवेत.

अंतिम प्रूफची मंजुरी आम्हाला सोमवारी, २ तारखेला मिळणार होती. लेखापरीक्षकांनी शेवटच्या क्षणी एका परिशिष्टातला आकडा बदलायला लावला आणि मंजुरी आली गुरुवारी, ५ तारखेला संध्याकाळी. तीन दिवस तिथे गेले. संस्थेच्या व्यवस्थापकांनी फोनवर विचारलं, “मग बारा तारीख सांभाळाल ना?” मी म्हणालो, “सांभाळतो साहेब.” हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

शुक्रवारी प्लेट काढल्या आणि काळे दोन्ही फॉर्म छापून घेतले. शनिवारी गणेश चतुर्थी, रविवारी सुट्टी. सोमवारी, ९ तारखेला, रंगीत फॉर्म छापला: सकाळी एक बाजू, दुपारी दुसरी. बाइंडिंगच्या चौघी मंगळवारपासून तीन दिवस गौरीच्या सुट्टीवर जाणार होत्या. ती सुट्टी त्यांनी महिनाभर आधी सांगितली होती. त्यांच्या हाताखालून काम निघावं म्हणून मी सोमवारी संध्याकाळीच रंगीत फॉर्म फोल्डिंगला लावायला सांगितलं. दुसरी बाजू छापून जेमतेम चार तास झाले होते. पानांना गडद निळी सॉलिड पट्टी होती, म्हणजे शाईचा थर जाड. हवा सप्टेंबरातली, दमट. ऑफसेटची शाई आधी कागदावर बसते आणि मग हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू कडक होते. आर्ट पेपर शाई फारशी शोषत नाही, आणि पावसाळ्यात ही वाळण्याची क्रिया आणखी रेंगाळते. मशीनमननं सांगितलं होतं, “उद्यापर्यंत राहू द्या, बोटाला अजून लागतंय.” मी ऐकलं नाही. फोल्डिंग मशीनच्या रोलरखालून १,४०० फॉर्म गेले ते सगळे खराब झालेच. न दुमडलेल्या थप्पीतही खालच्या भागात वजनाने ठसे उमटले होते. चांगले निवडून काढण्यात अर्थ नव्हता. सगळा फॉर्म पुन्हा छापायचा, हे नऊ वाजेपर्यंत ठरलं.

पहिला मसुदा

ऑफिस माझा भाचा सांभाळतो. मी कागदवाल्याशी फोनवर बोलत होतो तेवढ्यात त्यानं मेल लिहून काढला आणि म्हणाला, “मामा, एकदा बघ, पाठवतो.” तो मसुदा असा होता:

> माननीय महोदय,
> काही अपरिहार्य तांत्रिक कारणास्तव तसेच सणासुदीचे दिवस व पावसाळी हवामान यांमुळे आपल्या अहवालाच्या छपाईस थोडा विलंब होत आहे. अंतिम प्रूफ आपल्याकडून तीन दिवस उशिरा प्राप्त झाले होते, याचीही कृपया नोंद घ्यावी. आम्ही आमच्या परीने पूर्ण प्रयत्न करत असून लवकरात लवकर अहवाल पोहोच करू. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आपल्या सहकार्याची अपेक्षा आहे. कळावे.

त्याला मी दोष देत नाही. आपल्याकडे व्यवसायातले निम्मे मेल असेच असतात आणि आमच्या छापखान्यातूनही आधी असे गेले आहेत. पण हा मेल त्या व्यवस्थापकांच्या खुर्चीत बसून वाचला की काय दिसतं? नवी तारीख नाही. ‘थोडा विलंब’ म्हणजे एक दिवस की एक आठवडा, कळत नाही. ‘तांत्रिक कारण’ म्हणजे मशीन बंद पडलं की काम सुरूच झालं नाही, कळत नाही. कळतं ते एवढंच, की छापखाना आपल्या प्रूफकडे बोट दाखवतो आहे.

‘अपरिहार्य’ या शब्दावर मी भाच्याशी बराच वेळ बोललो. जे टाळता येण्यासारखंच नव्हतं, त्याची माफी कशासाठी मागायची? एका ओळीत कारण अपरिहार्य म्हणायचं आणि दुसऱ्या ओळीत दिलगिरी व्यक्त करायची, हे एकमेकांना खोडणारं आहे. आणि आमचं कारण अपरिहार्य मुळीच नव्हतं. एक रात्र थांबलो असतो तर ते टळलं असतं. सण आणि पाऊस दर सप्टेंबरात येतात. तारीख देताना ते आम्हाला ठाऊक होते.

दुसरी गोष्ट क्रियापदांची. मराठीत ‘उशीर झाला’ म्हटलं की करणारा माणूस वाक्यातून नाहीसा होतो. उशीर पावसासारखा आपोआप येऊन पडतो. ‘विलंब होत आहे’, ‘गैरसोय होणार’, ‘अडचण आली’ या सगळ्या वाक्यांत कुणीच काही केलेलं नसतं. ‘आमच्याकडून उशीर झाला’ हे अर्धं पाऊल आहे. पण मला वाटतं ‘आम्ही उशीर केला’ असं लिहिल्यानंही फारसं साधत नाही, कारण उशीर हा परिणाम आहे. कर्ता जोडायचा तो त्या निर्णयाला, ज्यातून उशीर निघाला: ‘शाई वाळण्याआधी आम्ही फोल्डिंग सुरू केलं.’ हे वाक्य लिहिलं की पुढे ‘जबाबदारी आमची’ असं वेगळं सांगावंच लागत नाही.

आणि ‘दिलगीर’. हा फारसीतून आलेला शब्द, मूळ अर्थ उदास, खिन्न. दुसऱ्याच्या घरी दुःखद प्रसंग घडला तरी आपण दिलगीर होऊ शकतो. त्यात आपली चूक असावी लागत नाही. रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेत तो शोभतो. ज्याच्या हातून चूक झाली त्यानं ‘माफी मागतो’ म्हणावं. शब्द रोजचा आहे, पण त्यात मागणारा आणि देणारा असे दोघेही असतात.

दुसरा मसुदा, आणि मधला फोन

मग मी स्वतः लिहायला बसलो आणि उलट्या टोकाला गेलो. ‘आम्हाला अत्यंत लाज वाटते’, ‘शतशः क्षमा’, ‘आपल्याला तोंड दाखवायला जागा नाही’, ‘यापुढे असे कधीही होणार नाही’, ‘आपले सर्व नुकसान आम्ही भरून देऊ’. लिहिताना मन हलकं होत होतं. वाचताना लक्षात आलं की हा मेल माझ्यासाठी लिहिला जातो आहे. तो वाचून व्यवस्थापकांना आधी माझी समजूत काढावी लागली असती, आणि तारीख त्यातही नव्हतीच. ‘कधीही होणार नाही’ हे कुठल्याही छापखान्याला पाळता न येणारं वचन आहे. आणि ‘सर्व नुकसान’ म्हणजे काय, याचा मी विचारच केला नव्हता. टपालखर्च? सभा रद्द झाली तर हॉलचं भाडं? मेल हा लेखी पुरावा असतो. घडलेली गोष्ट मोकळेपणानं मान्य करावी, पण हिशेब न केलेल्या रकमेची हमी भावनेच्या भरात देऊ नये. ती पाळता आली नाही की दुसऱ्यांदा माफी मागायची वेळ येते.

तो मसुदा तसाच ठेवून मी आधी आकडे गोळा केले. कोल्हापूरच्या कागदवाल्याकडून सात रीम आर्ट पेपर बुधवारी संध्याकाळी येणार होता. मशीनमनबरोबर बसून दिवस मोजले: गुरुवारी एक बाजू, शुक्रवारी दुसरी, शनिवारी दिवसभर वाळवण, रविवारी फोल्डिंग, सोमवारी पिन आणि कटिंग. “सोळाला रात्री निघतंय बघा,” तो म्हणाला. मंगळवारी, १७ तारखेला, अनंत चतुर्दशी. म्हणून मी तारीख धरली बुधवार, १८. सोळा सांगायचा मोह मोठा होता, कारण सहा दिवसांपेक्षा चार दिवसांचा उशीर बोलायला सोपा जातो. पण एकदा तारीख चुकली आहे म्हटल्यावर दुसरी तारीख चुकणं परवडत नाही. पहिल्या चुकीला लोक अडचण समजतात, दुसरीला स्वभाव.

मग फोन. सहा दिवसांच्या उशिराची बातमी आधी मेलनं देऊ नये असं माझं ठाम मत आहे. मेल नंतर, तासाभरात, बोलणं कागदावर आणण्यासाठी.

“साहेब, वाईट बातमी आहे. अहवाल बाराला मिळणार नाहीत, अठराला मिळतील. चूक आमच्याकडे झाली आहे.”

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग व्यवस्थापक म्हणाले, “अहो, अहवालाचं एक वेळ राहू द्या. माझी नोटीस त्यात आहे! एकोणतीसला सभा आहे. चौदा पूर्ण दिवस आधी सभासदांना नोटीस जायला पाहिजे. शनिवारी टपालात पडली नाही तर सभा बेकायदा ठरवायला लोक टपलेलेच आहेत.”

तिथे मला खरं प्रकरण कळलं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७५ प्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. त्यांच्या उपविधीत नोटिशीसाठी चौदा पूर्ण दिवस आहेत. पूर्ण दिवस म्हणजे नोटिशीचा दिवस आणि सभेचा दिवस धरायचा नाही. पंधरा ते अठ्ठावीस हे चौदा दिवस झाले, तेव्हा नोटीस जाण्याचा शेवटचा दिवस शनिवार, १४ सप्टेंबर. सभा पुढच्या रविवारी ढकलावी तर तो ६ ऑक्टोबर. आणि ती नोटीस अहवालाच्या तिसऱ्या पानावर होती, म्हणजे बिघडलेल्या फॉर्ममध्ये.

मी इतका वेळ ‘पुस्तक सहा दिवस उशिरा’ या गोष्टीची माफी लिहीत होतो. त्यांचं संकट वेगळंच होतं.

“साहेब, नोटीस आणि ताळेबंद वेगळे छापून शुक्रवारी दिले तर?” मी विचारलं. “आठ पानांची पुस्तिका, काळ्या शाईत. फोटो आणि मनोगतं मागाहून अहवालात.”

“विषयपत्रिका, ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि अंदाजपत्रक आलं पाहिजे.”

“बसतं. आठ पानांत बसतं.”

“मग मला हे लेखी द्या. अध्यक्षांना दाखवायचंय.”

शेवटचं वाक्य महत्त्वाचं होतं. हा मेल ज्याच्या नावावर जाणार तो त्याचा एकमेव वाचक नव्हता. तो छापून फाइलला लागणार होता आणि फोनवरचं काहीही न ऐकलेल्या अध्यक्षांसमोर जाणार होता. तेव्हा ‘मघाशी बोलल्याप्रमाणे’ एवढ्यावर भागणार नव्हतं.

गेलेला मेल

दुपारी सव्वाबाराला गेलेला मेल हा असा. विषयाच्या ओळीत लिहिलं होतं: ‘वार्षिक अहवाल १२ ऐवजी १८ सप्टेंबरला, सभेची नोटीस १३ सप्टेंबरला’.

> माननीय व्यवस्थापक साहेब,
> सप्रेम नमस्कार.
>
> आपल्या संस्थेच्या वार्षिक अहवालाच्या ३,२०० प्रती गुरुवार, १२ सप्टेंबर रोजी देण्याचे आम्ही मान्य केले होते. त्या दिवशी आम्ही त्या देऊ शकत नाही. अहवाल बुधवार, १८ सप्टेंबर रोजी सकाळी ११ पर्यंत आपल्या मुख्य कार्यालयात पोहोचतील. या उशिराबद्दल आम्ही आपली आणि संचालक मंडळाची माफी मागतो.
>
> सभेची नोटीस शनिवार, १४ सप्टेंबरपर्यंत रवाना होणे आवश्यक आहे, हे आपण आज फोनवर सांगितले. त्यासाठी नोटीस, विषयपत्रिका, ताळेबंद, नफा-तोटा पत्रक व अंदाजपत्रक यांची आठ पानी पुस्तिका आम्ही वेगळी छापून ३,२०० प्रती शुक्रवार, १३ सप्टेंबर रोजी सकाळी ११ पर्यंत पोहोचवू. हा मजकूर मंजूर प्रुफातूनच घेतला आहे. पानांची मांडणी सोबत जोडली आहे. ती आज सायंकाळी ६ पर्यंत मंजूर करून मिळावी. पुस्तिकेचा खर्च आमच्याकडे राहील.
>
> काय घडले ते असे: रंगीत सोळा पाने सोमवारी छापली. शाई पूर्ण वाळण्याआधी, त्याच सायंकाळी, आम्ही त्यांची घडी घालण्यास सुरुवात केली. त्यामुळे फोटोंची शाई समोरच्या पानांवर उतरली. ती पाने देण्यायोग्य नाहीत आणि आम्ही ती सर्व नव्याने छापत आहोत. उरलेली बत्तीस पाने व कव्हर तयार आहे. पुन्हा छपाईचा कागद व सर्व खर्च आमचा आहे.
>
> कार्यादेशातील अटीप्रमाणे दर दिवसाच्या उशिराला बिलाच्या एक टक्का कपात आहे. १८ तारखेस सहा दिवस होतात. ती कपात आम्ही बिलातच दाखवू.
>
> शनिवार, १४ रोजी सायंकाळी छपाई कुठवर आली ते मी आपल्याला कळवीन. दरम्यान काहीही विचारायचे असल्यास थेट मला फोन करावा. माझा मोबाइल क्रमांक खाली आहे.
>
> आपला,
> (माझं नाव, छापखान्याचं नाव)

यातल्या काही जागांबद्दल सांगतो.

पहिल्या परिच्छेदात वाईट बातमी, नवी तारीख आणि माफी, या क्रमानं आहे. माफी सर्वांत आधी लिहून पाहिली होती. पण वाचणाऱ्याला कशाची माफी हे कळत नाही तोवर ती अधांतरी राहते. ‘देऊ शकत नाही’ हे वाक्य भाच्याला कठोर वाटलं. मला ते स्वच्छ वाटलं. ‘देणे शक्य होईल असे वाटत नाही’ लिहिलं असतं तर त्यांनी गुरुवारी शिपायाला गाडी घेऊन पाठवलं असतं.

कारण तिसऱ्या परिच्छेदात गेलं, कारण त्यांच्या दृष्टीनं ते तिसऱ्या क्रमांकाचंच होतं. आणि ते चार वाक्यांत संपलं. मशीनमनचा इशारा, बाइंडिंगच्या बायकांची सुट्टी, दमट हवा यांतलं काहीच त्यात नाही. सुट्टीचा उल्लेख केला असता तर दोष नकळत त्या चौघींवर सरकला असता. कामाचं नियोजन माझं होतं. ‘फोल्डिंग’ऐवजी ‘घडी घालणे’ लिहिलं, कारण अध्यक्ष छापखान्यातले नव्हते.

एक गोष्ट मी मुद्दाम मोकळी ठेवली. शाई इतकी ओली का राहिली, याचं पूर्ण कारण मंगळवारी दुपारी मला ठाऊक नव्हतं. म्हणून आम्ही काय केलं तेवढंच लिहिलं. बुधवारी मशीनच्या फाउंटन सोल्यूशनचं, म्हणजे छपाईत प्लेट ओली ठेवणाऱ्या पाण्याचं, पीएच तपासलं, तर ते ४.२ निघालं. साधारण पाचच्या आसपास असावं लागतं. पाणी फार आम्लधर्मी झालं की शाई वाळायला वेळ लावते. मंगळवारीच ‘हवेतल्या दमटपणामुळे’ असं ठोकून दिलं असतं, तर बुधवारी आमचंच वाक्य अपुरं ठरलं असतं. अठराच्या डिलिव्हरीबरोबर जे पत्र गेलं त्यात हे दुसरं कारण आणि सोल्यूशन रोज सकाळी तपासायला सुरुवात केल्याचं लिहिलं. माफीच्या मेलमध्ये सुधारणेचं आश्वासन नाही ते याच कारणानं. काय सुधारायचं हेच अजून नक्की कळलं नव्हतं.

कपातीचा परिच्छेद मी लिहिला तेव्हा घरातूनच विरोध झाला. “त्यांनी मागितलं नाही तर आपण का काढायचं?” बिल होतं १,३४,४०० रुपयांचं, सहा टक्के म्हणजे ८,०६४. शिवाय कागदाचे तेवीस-चोवीस हजार आणि पुस्तिकेचे साडेनऊ हजार गेलेच होते. माझं म्हणणं असं, की अट कार्यादेशात लिहिलेली होती आणि ती त्यांच्या लक्षात येणारच होती. त्यांनी काढली की तो वाद होतो, आम्ही काढली की हिशेब होतो. शिवाय अटीचा आकडा लिहिल्यामुळे भरपाई किती, हेही स्पष्ट झालं. मघाच्या मसुद्यातल्या ‘सर्व नुकसान’पेक्षा हे त्यांच्याही उपयोगाचं होतं. जिथे अशी अट नसेल तिथे मात्र मी पहिल्या मेलमध्ये रक्कम लिहिणार नाही. आधी समोरच्याचं नेमकं काय अडलं ते समजून घेईन.

आणि प्रुफाचे तीन दिवस. ते मेलमध्ये नाहीत. ते खरे होते, तारखेनिशी सिद्ध करता आले असते, आणि भाच्याला अजूनही वाटतं की निदान एका ओळीत यायला हवे होते. पण पाच तारखेच्या संध्याकाळी मी “सांभाळतो साहेब” म्हणालो होतो. त्या क्षणी “मग तारीख चौदा होईल” म्हणायचा मला पूर्ण हक्क होता. मी तो वापरला नाही, आणि पाच दिवसांनी माफीच्या पत्रात तो बाहेर काढणं मला पटलं नाही. शिवाय शाई ओली होती ती प्रूफ उशिरा आलं म्हणून नाही. त्या तीन दिवसांमुळे मला घाई होती एवढंच. घाईत काय करायचं हे मी ठरवलं.

नंतर

मांडणीची मंजुरी संध्याकाळी पाचला आली, मेलवर एका शब्दात. अध्यक्षांचा फोन आला तो रात्री. ते चिडलेले होते आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं: एवढ्या वर्षांत असं कधी झालं नाही, सभेत विरोधक यावर बोलतील. मी मध्ये बोललो नाही. मेलमध्ये होतं तेच पुन्हा सांगितलं, कमीही नाही आणि जास्तही नाही. लिहिलेलं आणि बोललेलं जुळत होतं म्हणून तो फोन सहा-सात मिनिटांत संपला.

पुस्तिका शुक्रवारी पावणेअकराला पोहोचल्या आणि त्या दिवशी व शनिवारी मिळून टपालात पडल्या.

शनिवारी संध्याकाळी सांगण्यासारखं नवं काही नव्हतं. दोन्ही बाजू छापून झाल्या होत्या, फॉर्म लहान थप्प्यांत पसरून वाळत ठेवले होते. तरी कळवलं, कारण कळवीन असं लिहिलं होतं. मेल तीन ओळींचा होता: छपाई पूर्ण, उद्या दुपारनंतर घडी, १८ तारीख कायम. व्यवस्थापकांनी नंतर सांगितलं की रविवारी संचालकांची बैठक होती आणि त्यांनी तो मेल तिथे वाचून दाखवला. तो गेला नसता तर बैठकीतून मला फोन आला असता, किंवा न येता शंका घेतली गेली असती.

रविवारी दुपारी मशीनमननं फॉर्मवर अंगठा घासून मला दाखवला, मग घडी सुरू झाली. बुधवारी सकाळी दहाला टेम्पो त्यांच्या दारात होता. मोजणीत ३,१८८ प्रती भरल्या, बारा कमी. कटिंगमध्ये काही प्रती गेल्या होत्या आणि ते आमच्या लक्षात आलं नव्हतं. हे मात्र मी फोनवरच सांगितलं आणि बिल तेवढ्या प्रतींचं केलं. बारा प्रतींसाठी माफीचा मेल लिहिला असता तर आधीच्या मेलचं वजन कमी झालं असतं.

एक गोष्ट त्या मेलनं सुटली नाही. काही सभासदांनी सभेत विचारलं की नोटीस साध्या कागदावर आणि अहवाल वेगळा, असा दोनदा टपालखर्च संस्थेनं का केला. अहवाल शाखांमधून वाटले गेले होते, दुसरा टपालखर्च झालाच नव्हता, पण तसा समज पसरला आणि व्यवस्थापकांना उत्तर द्यावं लागलं. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर ‘सविस्तर अहवाल शाखेत उपलब्ध होईल’ अशी एक ओळ मी सुचवायला हवी होती. उपाय सुचवताना मी त्यांच्या मुदतीचा विचार केला. पुस्तिका हातात पडल्यावर सभासद काय विचारेल, तिथपर्यंत मी पोहोचलो नाही.

प्रुफाचा विषय मी ऑक्टोबरात काढला. बिल चुकतं झालं होतं, दिवाळीच्या कॅलेंडरसाठी त्यांच्या कार्यालयात गेलो होतो. चहा घेताना म्हणालो, “साहेब, पुढच्या वर्षी कार्यादेशात तारीख न घालता असं लिहू या का: अंतिम प्रूफ मंजूर झाल्यापासून आठ कामाचे दिवस? म्हणजे तुमचे लेखापरीक्षक अडले तर मीही आधीच सांगू शकेन.” त्यांनी कॅलेंडर समोर ओढलं आणि दोघांनी मिळून सभेच्या तारखेपासून उलटे दिवस मोजायला घेतले. त्यात मंजुरीची तारीख ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आली. “हे तर मलाच लेखापरीक्षकांना जूनमध्ये सांगायला लागेल,” ते म्हणाले आणि तसं त्यांनी डायरीत लिहून घेतलं.